प्रमाणपत्राआधी पॉलिसी तपासा

"निविदेसाठी विमा प्रमाणपत्र हवंय. 'आमच्या कंत्राटदाराचं प्रमाणपत्र पाठवा' एवढा ईमेल ब्रोकरने विमा कंपनीला केला तर पुरेल ना?"

प्रमाणपत्र येईल, पण ते निविदेला चालेलच असं नाही. प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसीत आज काय आहे त्याचा दाखला. त्यामुळे पॉलिसी बदलत नाही.

समजा, निविदेत तृतीय पक्ष दायित्वाची मर्यादा प्रत्येक घटनेला 2 कोटी मागितली आहे आणि काम देणाऱ्याचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून हवं आहे. तुमच्या पॉलिसीतही 2 कोटीच आहेत, पण वर्षभरातल्या सगळ्या दाव्यांना मिळून. एका घटनेला फक्त 1 कोटी. वरवर पाहणाऱ्याला आकडा जुळल्यासारखा वाटतो, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. इथे आधी मर्यादा वाढवणारं आणि नाव जोडणारं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतला लेखी बदल, लागेल, प्रमाणपत्र त्यानंतर. काम देणाऱ्याचं नाव नुसतं 'प्रमाणपत्रधारक' या रकान्यात आलं तर त्याला पॉलिसीखाली कसलाही हक्क मिळत नाही.

म्हणून ब्रोकरला विम्याच्या अटींचं पान जसंच्या तसं जोडायला सांगा. मजकूर साधारण असा: "सोबतच्या अटी चालू पॉलिसीत बसतात का ते कळवा. बसत नसतील तर एंडॉर्समेंटचा वाढीव हप्ता सांगा. प्रमाणपत्र त्यानंतरच द्या." निविदा क्रमांक, दोन्ही पक्षांची नोंदणीकृत नावं आणि शेवटची तारीखही त्यातच. मर्यादा वाढवायला अंडररायटरची, म्हणजे विमा कंपनीत जोखीम तपासणाऱ्याची, मंजुरी लागते, तेव्हा आदल्या दिवशी ईमेल करून भागत नाही.