नारळाच्या रसातलं बिरडं एका रात्रीत आंबलं (मदत हवी आहे)

खवणी:
काल रात्री साडेनऊला दोन पातेली गॅसवरून उतरवली. एकात कडव्या वालाचं बिरडं होतं, साधारण तीन लिटर, शेवटी दोन नारळांचा दाट रस घातलेलं. दुसऱ्यात मटकीची उसळ, नारळ अजिबात नाही. दोन्ही झाकून ओट्यावरच राहिली. सकाळी सातला बिरड्यावर बारीक फेस होता, वास आंबूस, डावाला किंचित तार. मटकी ठीक वाटली. दोन्ही कडधान्यं मोड आलेलीच, म्हणजे मोडांचा दोष म्हणता येत नाही. मग रसात असं काय असतं? आणि पुढच्या रविवारी दुपारी पंचवीस माणसांचं जेवण आहे, बिरडं आदल्या रात्री करून ठेवायचा विचार होता. कसं करू?

दापोलीकर:
झाकण ठेवलंत तिथेच चुकलं. वाफेचं पाणी परत आत पडतं आणि कालवण नासतं. जाळीचं झाकण ठेवा. आणि आमसुलं दुप्पट टाका. आंबट पदार्थ नासत नाही, सोलकढी बघा.

मस्कतहून:
आमच्याकडे डब्यातलं कोकोनट क्रीम मिळतं, ते आठवडाभर फ्रिजमध्ये छान राहतं. फक्त वर पांढरा घट्ट थर येतो, तो मी काढून टाकते. तुमच्या बिरड्यावरचा फेस तसाच थर नसेल ना?

अन्नपरीक्षक:
मस्कतहून ताई, तो थर टाकू नका, ते खोबरेल आहे. २४ अंशांच्या आसपास खाली गेलं की गोठतं, मंद आचेवर परत विरघळतं. तो नासल्याचा पुरावा नाही. खवणी ताईंचा फेस मात्र जंतूंनी केलेल्या वायूचा आहे, कारण ओट्यावर रात्रभर गारवा नव्हता आणि वास-तारही सोबत आहे. तुमच्या डब्याचंही एक सांगतो: तो सीलबंद असताना निर्जंतुक असतो. उघडल्यावर ताज्या रसासारखाच वागतो. तीन-चार दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

आता मूळ प्रश्न. रसात पाणी भरपूर, थोडी साखर, थोडी प्रथिनं, आणि आंबटपणा जवळजवळ नाही. जंतूंना वाढायला एवढं पुरतं. पण फरक पडतो तो रस काढण्याच्या आणि घालण्याच्या पद्धतीमुळे. करवंटी, खवणी, मिक्सरचं भांडं, पंचा, पिळणारे हात, या सगळ्यांवरचे जंतू त्यात उतरतात. मग दाट रस शेवटी घालतो आणि फाटू नये म्हणून उकळी येण्याआधीच गॅस बंद करतो. म्हणजे बाकीचं सगळं खळखळून शिजलेलं, आणि वरून एक न उकळलेली वस्तू पातेल्यात सोडलेली. मटकी मात्र पूर्ण उकळली होती आणि तिला नंतर काही लागलं नाही.

दुसरी गोष्ट थंड होण्याची. तीन लिटरचं दाट कालवण खोल पातेल्यात झाकून ठेवलं की मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. वर तेलाचा थर येतो, तो वाफ अडवतो, त्यामुळे निवणं आणखी लांबतं. साठ अंशांखाली आल्यापासून फ्रिजच्या थंडीपर्यंतचा काळ धोक्याचा. जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं तरी सहा तासांत चार हजार पट होतात. उकळीतून वाचणारे बीजाणूही असतात, बॅसिलस सेरियसचे, तेही याच काळात जागे होतात.

आणि मटकी 'टिकली' म्हणू नका. वास आला नाही इतकंच. तीही साडेनऊ तास बाहेरच होती.

ओलाकाजू:
मग ते बिरडं परत खळखळून उकळलं तर? आमच्याकडे रस आंबला की थोडा गूळ घालून उकळतात.

अन्नपरीक्षक:
नाही, टाकून द्या. उकळल्याने जंतू मरतात, पण काहींनी कालवणात सोडलेलं विष उकळीलाही दाद देत नाही. गूळ फक्त चव झाकतो. एक वेगळी खूण सांगतो: कधी आंबूस न येता साबणासारखा किंवा खवट वास येतो. तेव्हा नारळाची चरबी तुटून बिघडलेली असते. तोही खाऊ नये.

दापोलीकर, झाकणाचं तुमचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. झाकल्यावर निवायला वेळ लागतो, म्हणून वाफ जाईपर्यंत उघडं ठेवणं चांगलं. पण वाफेच्या थेंबांनी कालवण नासत नाही. आमसुलाचं मात्र पटत नाही. चार-पाच आमसुलांनी बिरडं चवीला आंबट होतं, जंतू थांबण्याइतकं नाही. जंतू थांबतील इतकी टाकलीत तर रस फाटेल आणि कोणी खाणार नाही. सोलकढीही बाहेर राहिली की खराबच होते.

रविवारचं असं करा. शनिवारी रात्री फोडणी, मसाला आणि डाळिंब्या पूर्ण शिजवून घ्या. मीठ-गूळ घाला, पण आमसूल आणि रस नको. गरम असतानाच दोन-तीन पसरट भांड्यांत ओता, थर दोन इंचांपेक्षा जास्त नको. भांडी बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून डावाने हलवा. कोमट झालं की फ्रिजमध्ये, दोन तासांच्या आत. नारळ खवून चव डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकून ठेवा, रस काढू नका.

रविवारी सकाळी चव बाहेर काढा. मिक्सर, पंचा आणि पातेलं कडकडीत पाण्याने धुवा. एका नारळाच्या चवाला पाऊण वाटी गरम पाणी घालून फिरवा, पिळून दाट रस बाजूला ठेवा. चोथ्यावर पुन्हा दीड वाटी पाणी घालून पातळ रस काढा. बिरडं आधी खळखळून उकळा, पातळ रस आणि आमसुलं घालून पाच मिनिटं उकळू द्या. मग आच कमी करून दाट रस, आणि एकाच दिशेने हलवत एक हलकी उकळी येऊ द्या. दोन तासांत वाढा. पंगत लांबली तर मंद आचेवर वाफाळतं ठेवा. उरलेलं असेल तर तेही पसरट भांड्यातून निववून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

खवणी:
उकळी आली तर रस फाटेल ना? वर दाणे-दाणे दिसतात, पाहुण्यांपुढे बरं वाटत नाही.

अन्नपरीक्षक:
फाटला तरी नासला नाही, फक्त दिसायला आणि तोंडाला वेगळा लागतो. दाट रसात थंड असतानाच चमचाभर तांदळाची पिठी कालवा, बराचसा सांभाळला जातो.

ओलाकाजू:
पिठीने बिरडं गुळगुळीत लागतं, मूळ चव जाते. त्यापेक्षा दाट रस उकळूच नये, पंगतीआधी पाच मिनिटं घालून लगेच वाढावा. साठवायचंच नसेल तर उकळायची गरज काय?

अन्नपरीक्षक:
लगेच संपणार असेल तर चालेल. पण पंचवीस माणसांची पंगत पाच मिनिटांत उठत नाही, आणि उरलेलं नंतर बाहेर पडून राहतं.

खवणी:
पहिल्या पंगतीपुरता निम्मा दाट रस उकळी न आणता घालते, बाकीचं तोपर्यंत दुसऱ्या पातेल्यात उकळत ठेवते. पिठीचं अजून ठरवलं नाहीये. वरच्यापैकी कोणी वालाच्या बिरड्यात पिठी घालून पाहिली असेल तर सांगा, नुसत्या आमटीत नव्हे.