अनुभव धागा: बाळाचे लंगोट आणि शेवटचे पाणी

वसुधा_सातरस्ता: शेजारच्या दोरीवर आज नव्या बाळाची झबली आणि लंगोट वाळत होते. ते पाहून माझ्या थोरल्याच्या मांड्यांवर उठणारा लालसर पट्टा आठवला. लंगोटाची कड जिथे घासे तिथेच तो उठायचा आणि जांघेची घडी मात्र स्वच्छ असायची. त्यावरून बालरोगतज्ज्ञांनी ओळखले की कपड्यात पावडर राहते आहे. त्यांनी सुगंध नसलेली सौम्य पावडर थोडीच वापरायला आणि एक पाणी जास्त काढायला सांगितले. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचे पाणी जड असते. अशा वेळी आपण हे जास्तीचे पाणी कसे जमवता, ते सविस्तर लिहावे.

नवखी_आई: ताई, माझ्या बाळालाही अगदी तसेच झाले आहे. मी रोज एक मोठी बादली पाणी लंगोटांसाठी वेगळी ठेवते आणि सगळे त्यात एकदाच खळबळते, तरी वाळल्यावर ते कडक होतात.

जुळेसोलापूर_काका: बादली तेवढीच ठेवा, फक्त ती दोन वेळा वापरा. पिळलेल्या लंगोटांत दोन लिटर साबणाचे पाणी उरले आहे असे धरू. ते २० लिटर पाण्यात एकदाच खळबळून पुन्हा तेवढेच पिळले, तर साबणाचा सुमारे अकरावा भाग कपड्यात राहतो. तेच पाणी दहा-दहा लिटर असे दोनदा घेतले आणि मधे घट्ट पिळले, तर छत्तिसावा भाग राहतो, म्हणजे तेवढ्याच पाण्यात तिपटीहून जास्त फरक पडतो. मधे पिळले नाही, तर हा फायदा मिळत नाही. दुसऱ्या बादलीतले पाणी पुढच्या दिवशीचे मळके लंगोट पहिल्यांदा खळबळायला चालते.

पूर्वभाग_टॉवेलवाले: काकांचा हिशेब पातळ सुती कापडाला लागू पडतो, परंतु टॉवेलच्या कापडाचे लंगोट त्याहून हट्टी असतात. आमचे कुटुंब टॉवेलच्याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो की त्या कापडाचे उभे फासे पाणी धरून ठेवतात आणि त्याबरोबर साबणही धरतात, त्यामुळे त्यांना तिसरे पाणी लागते. कोऱ्या कापडाला खळ असू शकते, तेव्हा वापरण्यापूर्वी ते दोन-तीनदा धुवावे.

माई_अक्कलकोटरोड: आमच्या काळी कपड्याच्या साबणाची वडी घासत असू आणि उन्हात कडकडीत वाळवत असू. सोलापूरच्या उन्हात जंतू उरत नाहीत, मग एवढी काळजी कशासाठी?

वसुधा_सातरस्ता: माई, उन्हाने दुर्गंधी आणि डाग नक्कीच कमी होतात, परंतु कपड्यात राहिलेला साबण उन्हाने जात नाही. शिवाय साबणाची वडी आणि बोअरचे जड पाणी एकत्र आले, की पांढरट चिकट साका धरतो. तो त्याच पाण्याने कितीही धुतला तरी निघत नाही आणि लंगोट पाणी शोषेनासा होतो. म्हणून मी धुणे बोअरच्या पाण्यात करते, पण सौम्य पावडरने. शेवटचे पाणी मात्र नळाचे साठवलेले घेते.

रेश्मा_होटगीरोड: आमच्या आरओचे सोडून दिलेले पाणी मी शेवटच्या खळबळण्यासाठी वापरते, कारण ते स्वच्छ दिसते आणि वाया जात नाही.

जुळेसोलापूर_काका: रेश्माताई, ते पाणी फरशी पुसायला वापरा. यंत्राने वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षा जड असते.

रेश्मा_होटगीरोड: धन्यवाद, काका. मग शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालावे का? माझ्या बहिणीला त्याने फरक वाटला.

वसुधा_सातरस्ता: त्याने पावडरचा क्षारपणा कमी होतो हे खरे आहे, परंतु ते खळबळण्याची जागा घेत नाही. ब्लीचबरोबर ते कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. नाजूक त्वचेसाठी घालावे की नाही, याबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. कपडे मऊ करणारे द्रव मात्र टाळावे, कारण त्याचा थर कापडावर बसतो आणि त्यातला सुगंधही बाळाला सोसत नाही.

विजापूररोड_सागर: आमची मुलगी रात्री डायपरच वापरते आणि तिलाही लाल चट्टे येतात, तेव्हा दोष पावडरचाच असेल असे मला वाटत नाही.

वसुधा_सातरस्ता: सागर, तुमचे म्हणणे योग्य आहे. ओलसरपणा आणि घासणे यानेही चट्टे येतात. चट्टे जांघेच्या घडीत गडद लाल असतील आणि भोवती बारीक पुरळ असेल, तर ती बुरशी असू शकते. तेव्हा धुण्यात बदल करत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

नवखी_आई: साबण उरला आहे की नाही हे कसे ओळखावे?

पूर्वभाग_टॉवेलवाले: वाळलेला लंगोट स्वच्छ कोमट नळाच्या पाण्यात बुडवून जोराने हलवा. टिकणारा फेस आला किंवा पाणी बुळबुळीत लागले, तर साबण उरला आहे. तसेच कोरड्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाका. तो आत न शिरता वरच थांबला, तर साका, थर किंवा खळ आहे असे समजा. आधी नळाच्या पाण्यात पावडर न घालता तीन-चारदा खळबळून पाहा, प्रत्येक वेळी घट्ट पिळून.

नवखी_आई: आत्ताच एक बुडवून पाहिला आणि बराच फेस आला. आमच्याकडे उद्या नळाला पाणी येईल, तेव्हा सगळे काढते.