लग्नात सुख असूनही दुसऱ्याविषयी ओढ वाटणे: दोष नात्यात शोधावा का?

सांजवात: माझ्या लग्नाला सहा वर्षे झाली. नवऱ्याशी भांडण नाही, संसार बरा चालला आहे. दिवाळीपासून कार्यालयातल्या एका सहकाऱ्याविषयी मला ओढ वाटू लागली आहे. त्याला मी काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. माझ्या लग्नात काही उणे आहे असे यावरून समजावे का? आणि हे नवऱ्याला सांगावे का?

पारावरचा: मुळीच समजू नये. लग्न झाले म्हणून डोळे मिटत नाहीत. शर्ली ग्लास आणि थॉमस राइट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लग्नाबाहेर शरीरसंबंध ठेवलेल्या पुरुषांपैकी ५६ टक्के पुरुषांनी आपले लग्न सुखी असल्याचे सांगितले होते. इतक्या टोकाला गेलेली माणसेही जर घरी सुखी असू शकतात, तर नुसत्या मनातल्या ओढीवरून लग्नाची परीक्षा करायला बसणे म्हणजे नसते दुखणे विकत घेणे आहे.

उंबरठा: पारावरचा, आपण अर्धाच आकडा सांगितलात. त्याच अभ्यासात तसे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ३४ टक्के होते, आणि प्रश्न विचारणारी व्यक्ती स्त्री आहे. म्हणजे त्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी आपले लग्न सुखी म्हटले नव्हते. शिवाय 'संसार बरा चालला आहे' हे वाक्य मला खटकते. घरात भांडण नसते तेव्हा पुष्कळदा बोलणेही उरलेले नसते. ओढ ही काहीतरी हरवल्याची खूण असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यायप्रिय: भगिनींनी कायद्याची भीती बाळगू नये. व्यभिचाराविषयीचे भारतीय दंडविधानाचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. मात्र घटस्फोटासाठी ते कारण अजूनही चालते, हे ध्यानात असू द्यावे.

पारावरचा: न्यायप्रिय, इथे कोणी काही केलेले नाही आणि घटस्फोटाचा विषयही निघालेला नाही.

आगबोट: माझे यजमान मर्चंट नेव्हीत आहेत आणि वर्षातले कित्येक महिने घराबाहेर असतात. मुलीला शाळेत आणायला जाताना तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांशी माझ्या गप्पा होत, आणि काही दिवसांनी शाळा सुटण्याची वेळ जवळ आली की मी आरशासमोर उभी राहू लागले. यजमान सुट्टीवर घरी आले आणि ती ओढ आठवड्याभरात विरून गेली. मला तो माणूस हवा नव्हता, संध्याकाळी बोलायला कोणीतरी हवे होते. म्हणून माझे मत उंबरठा यांच्या बाजूने झुकते, फक्त उणीव लग्नात होती की यजमानांच्या नोकरीत, हे मला आजही सांगता येत नाही.

मधला सोपान: मी विवाह समुपदेशनाचे काम करते. दोन्ही बाजू ओढ वाटण्याविषयी बोलत आहेत, पण अधिक सांगणारी गोष्ट आहे लक्ष. रोलंड मिलर यांनी १९९७ मध्ये प्रेमसंबंधात असलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आकर्षक अनोळखी व्यक्तींची छायाचित्रे हव्या त्या गतीने पाहायला देऊन, कोण किती वेळ पाहत राहते हे मोजले होते. इतर पर्यायांकडे ज्यांचे लक्ष जास्त होते, त्यांची नाती दोन महिन्यांनंतर तुटलेली असण्याची शक्यता अधिक आढळली. त्याआधी १९८९ मध्ये जॉन्सन आणि रसबल्ट यांनी दाखवले होते की नात्याशी घट्ट बांधलेली माणसे समोरच्या आकर्षक व्यक्तीची किंमत मनातल्या मनात कमी करतात, आणि ती व्यक्ती जितकी मोहात पाडणारी तितकी अधिक. 'दिसायला चांगला आहे, पण भारी बढाईखोर दिसतो' असे आपण सहज म्हणून जातो, ते यातलेच. त्यामुळे सांजवात, ओढ वाटते का यापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात: त्या सहकाऱ्याचे दोष तुम्हाला अजून दिसतात का, आणि दिवसभरात काही घडले की ते सर्वांत आधी कोणाला सांगावेसे वाटते?

उंबरठा: परदेशातल्या महाविद्यालयीन प्रेमिकांवरून आपल्याकडच्या विवाहितांचे निदान कसे करता येईल? तिथे नाते संपवायला एक संध्याकाळ पुरते. इथे सासर, मुले, घराचे कर्ज आणि दोन्हीकडचे नातेवाईक मधे असतात.

मधला सोपान: आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी त्यावरून लग्नाचे भाकीत करत नाही. किंबहुना आपल्याकडे नाते बाहेरून इतके आवळलेले असते की आत समाधान आटले तरी ते टिकून राहते. म्हणून 'आमचे टिकले आहे' हा पुरावा मला अपुरा वाटतो.

सांजवात: दोष दिसतात. तो मीटिंगमध्ये दुसऱ्याचे बोलणे तोडतो, कनिष्ठांना हाताखालच्या गड्यासारखे वागवतो आणि ते मला आवडत नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अडखळले. मागच्या महिन्यात बाबांची अँजिओग्राफी झाली आणि एकाच रक्तवाहिनीत अडथळा असल्याचे कळले, तेव्हा मी रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून पहिला निरोप त्याला लिहिला. नवऱ्याला फोन त्यानंतर केला, कारण तो लगेच खर्च आणि विमा यांवर बोलू लागणार हे मला ठाऊक होते.

पारावरचा: नवरा कामात असेल, सहकारी ऑनलाइन असेल. एका निरोपावरून एवढा अर्थ काढू नये.

मधला सोपान: एका निरोपावरून नाहीच काढणार. पण पुढचे वाक्य पाहा: 'हे मला ठाऊक होते'. नवऱ्याचे उत्तर गृहीत धरले आणि त्याला वेगळे उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. अशा वेळी सहकारी विशेष समंजस असावा लागत नाही, त्याला विम्याची काळजी नसते एवढे पुरते. घरखर्च, हप्ते, आजारपणे यांपैकी कशातच वाटेकरी नसलेल्या माणसाचे ऐकणे निर्मळ वाटणारच. ही तुलना नवऱ्यावर अन्याय करणारी आहे. तरीही ती तुमच्या नात्याबद्दल एक नेमकी गोष्ट सांगते: घाबरल्यावर नवऱ्याकडून धीर मिळेल ही तुमची अपेक्षा मावळली आहे. ती दुरुस्त होते का, हे पुढच्या अशाच प्रसंगी त्याला आधी फोन करून आणि 'आत्ता फक्त ऐक, पैशांचे नंतर बघू' असे सांगून कळेल.

उंबरठा: आणि त्या सहकाऱ्याशी बोलणे आजपासून बंद करावे. नजरसुद्धा वळवू नये.

मधला सोपान: खासगी निरोप बंद करणे योग्यच. नजरेवर पहारा ठेवण्याविषयी मात्र मी साशंक आहे. नॅथन डीवॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आकर्षक चेहऱ्यांकडे पाहण्यात सहभागींना कळूही न देता आडकाठी केली होती. परिणाम उलटा झाला: ते चेहरे अधिक लक्षात राहिले आणि स्वतःच्या नात्याविषयीचे समाधान घटले. स्वतःहून ठरवलेले बंधन आणि बाहेरून आलेली आडकाठी यांत फरक आहे हे मान्य, पण चोवीस तास स्वतःवर पाळत ठेवणारी माणसे दिवसभर त्याच व्यक्तीचा विचार करताना मी पाहिली आहेत.

आगबोट: नवऱ्याला सांगायचे की नाही, ते राहिलेच. मी सांगितले नाही आणि त्याची मला खंत नाही.

उंबरठा: सांगावे. जे जोडीदारासमोर बोलता येत नाही ते मनात वाढत जाते.

मधला सोपान: जिन्यातली गोष्ट सांगावी, असे मी म्हणेन. सहकाऱ्याचे नाव आणि ओढ सांगितली की पुढची कितीतरी संभाषणे त्या माणसाभोवतीच फिरतात आणि विम्याचा विषय बाजूला पडतो.

उंबरठा: म्हणजे अर्धे सत्य. उद्या त्याने तो निरोप मोबाइलवर पाहिला तर?

सांजवात: तो निरोप मी अजून पुसलेला नाही. पुसला तर लपवल्यासारखे होईल आणि ठेवला तर जपल्यासारखे, म्हणून तसाच पडून आहे. बाबांची पुढची तपासणी बुधवारी आहे आणि सोबत चल असे मी नवऱ्याला आज सांगितले आहे.