नाव कितीदा येतं यापेक्षा कधी येतं ते बघा

>> "रोज जेवताना नवऱ्याच्या तोंडी ऑफिसातल्या मैत्रिणीचंच नाव. मोकळेपणा की मला डिवचणं?"

'नाव घेतोय म्हणजे लपवत नाही' हे यावर आलेलं एक उत्तर मला अर्धंच पटतं. शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणायच्या, जोडीदाराशी खिडकी हवी, बाहेरच्यांशी भिंत. तुमची घरातली भांडणं तिला ठाऊक आणि त्या दोघांचं बोलणं तुम्हाला नाही, असं असेल तर खिडकी तिकडे गेलीय, नाव रोज ऐकू येत असलं तरी.

डिवचणं वेळेवरून कळतं. 'ती डबा काय मस्त आणते' हे नेमकं तुमची भाजी खारट झाली त्याच दिवशी येतं का? तसं असेल तर प्रश्न तिचा नाहीच, तुम्हा दोघांतल्या धुसफुशीचा आहे. एरवी सरळ म्हणा, "अरे, बोलव तिला एकदा जेवायला." तो वार ठरवतो की विषय बदलतो, बघा. आणि रोजचं नाव एकाएकी बंद झालं तर जास्त लक्ष द्या.