मदत हवी आहे: काम बंद असतानाही कॉम्प्रेसर वीज खातोय

सावंतवाडीत लाकडी वस्तूंचं छोटं वर्कशॉप आहे. रंगाच्या गनसाठी ३ एचपीचा कॉम्प्रेसर, ८ किलोला बंद होतो, ६ ला चालू. त्याला वेगळा सब-मीटर लावला. जेवणाच्या सुट्टीत, कोणी हात लावलेला नसताना, तासात ०.६ युनिट गेलं! म्हणजे मोटर साधारण पंधरा मिनिटं फुकट चालली.

टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला तर काटा हलत नाही, म्हणजे टाकी ठीक, हवा लाइनमधूनच जाते. साबणाचं पाणी लावून दोन कपलिंग बदलले, आता ०.३ वर आलंय. उरलेली गळती बहुतेक भिंतीतल्या जीआय पाइपात असावी. खारी हवा, दुसरं काय! तूर्तास सुट्टीत व्हॉल्व्ह बंद करायची सवय लावली आहे, पण काम चालू असताना गळती सुरूच. लाइट गेली की तीच हवा डिझेलवर भरावी लागते.

भिंत गणपतीआधी फोडता येणार नाही, नवा कॉम्प्रेसरही नको. गनला ३ किलो पुरतं. मग प्रेशर स्विच ६ ला बंद, ४ ला चालू असा लावला तर गळती आणि युनिट किती कमी होतील? आणि मोटर वारंवार चालू-बंद होऊन स्टार्टर जळेल का?