मध्ययुगातलं इन्क्विझिशन: कागदात सापडतं ते आणि म्युझियममध्ये दाखवतात ते

भटका_भोपळा (धागाकर्ता):
मे महिन्यात दक्षिण फ्रान्सला गेलो होतो. कार्कासोनला किल्ल्याच्या आत छळाच्या हत्यारांचं एक प्रदर्शन बघितलं, खिळ्यांची लोखंडी पेटी वगैरे. बाहेर आल्यावर एका वयस्कर फ्रेंच बाईंनी सांगितलं की यातलं निम्मं खोटं आहे, इन्क्विझिशनवाले, म्हणजे पाखंड शोधणारे चर्चचे चौकशी अधिकारी, मुख्यतः लिहायचे. तर मला आता वाटायला लागलंय की हा सगळा बागुलबुवा आहे आणि प्रत्यक्षात ती साधी चौकशी होती. कोणी अभ्यास केला असेल तर सांगा, नसेल तर भांडा 😀

रोखठोक_राणे:
साधी चौकशी? लाखो लोक जाळले हो साहेब, चेटकिणी म्हणून बायका जाळल्या, गावंच्या गावं साफ केली. आता कोणी बाई येऊन सांगणार की ते कारकून होते आणि आपण माना डोलावायच्या. उद्या म्हणाल हिटलरही फक्त रजिस्टर ठेवायचा.

कागदकिडा:
राणे, तुमच्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची भेळ झालीय. गावंच्या गावं साफ केली ती सैन्याने, १२०९ ला बेझिए शहरात कत्तल झाली ती पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात, तेव्हा इन्क्विझिशन जन्मालाच आलेलं नव्हतं, पोपने डोमिनिकन साधूंना हे काम द्यायला सुरुवात केली ती १२३० च्या दशकात. चेटकिणींचे मोठे खटले त्याच्या दोनअडीचशे वर्षं नंतरचे आणि त्यातले बरेचसे गावच्या सरकारी कोर्टांत चाललेले. तुलूझमध्ये चौदाव्या शतकातच शेकडो चेटकिणी जाळल्या असं जे सगळीकडे वाचायला मिळायचं, ते कुठून आलं माहितीये? लामोत-लांगों नावाचा एक फ्रेंच कादंबरीकार होता, त्याने १८२९ मध्ये इन्क्विझिशनचा इतिहास म्हणून एक पुस्तक काढलं आणि त्यात खटलेच्या खटले मनाने रचून घातले. दीडशे वर्षं भलेभले इतिहासकार त्याचा हवाला देत राहिले. १९७० च्या दशकात दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे मूळ कागद शोधायला घेतले तर कागद नाहीतच. खिळ्यांची पेटी पण तशीच, मध्ययुगात ती वापरल्याचा पुरावा नाही, ती एकोणिसाव्या शतकातली प्रदर्शनाची वस्तू.

पण भोपळेसाहेब, यावरून "साधी चौकशी होती" असं निघत नाही. रजिस्टरं वाचली की वेगळ्याच कारणाने घाम फुटतो. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

फोंड्याची_नात:
आमचं मूळ गाव गोव्यातलं. आजी सांगायची की आमच्या पणज्याच्या पणज्याच्या वेळी देव रातोरात नदीपलीकडे न्यावा लागला, पालखी नाही काही नाही, डोक्यावर टोपलीत घालून. आणि जुन्या गोव्याला तो हातकातरो खांब आहे ना, तिथे हात तोडायचे म्हणतात. त्यामुळे हे मिथक वगैरे शब्द आमच्यासारख्यांना टोचतात. तुम्हाला कागद हवेत, आम्ही ते भोगलंय.

कागदकिडा:
ताई, तुमच्या आजीच्या आठवणीवर मी काहीच बोलणार नाही, देव हलवले हे खरंच आहे, मंगेशी सुद्धा कुठ्ठाळीहून प्रियोळला १५६० च्या सुमारास गेला. पण गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मध्ये थोडा खंड पडला तेवढा सोडून, आणि ते पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखालचं, त्याचे नियम, अधिकारी सगळं वेगळं. देवळं पाडायचे हुकूम तर सरकारचे होते. धागा त्याच्या आधीच्या तीनशे वर्षांचा आहे. शिवाय गोव्याच्या खटल्यांचे बहुतेक कागद बंद झाल्यावर नष्ट केले गेले, म्हणून तिथे आठवण आणि कागद समोरासमोर ठेवून बघता येत नाहीत. लांगदोकमध्ये, म्हणजे तुलूझ-कार्कासोनच्या दक्षिण फ्रान्समधल्या भागात, येतात.

फोंड्याची_नात:
"सरकारचे हुकूम होते" हे ऐकायला छान वाटतं. देव उचलणाऱ्याला काय फरक पडला? असो. वाचतेय, लिहा पुढे.

कागदकिडा:
हां, आता निवांत. १२४५ च्या मे महिन्यात बर्नार द को आणि जॉं द सॅं-पिएर हे दोन साधू तुलूझच्या सॅं-सेर्नां चर्चमध्ये बसले आणि आसपासच्या गावांतल्या चौदा वर्षांवरच्या मुलग्यांना आणि बारा वर्षांवरच्या मुलींना बोलावणं धाडलं. आरोपींना नाही, सगळ्यांना! वर्षभराहून थोडं जास्त ते चाललं, आणि साडेपाच हजारांच्या आसपास लोकांचे जबाब आजही वाचता येतात. प्रश्न जवळपास ठरलेले. पाखंडी साधू पाहिलेस का, कुठे, कधी, अजून कोण होतं, त्यांच्यापुढे गुडघे टेकलेस का, भाकरी दिलीस का. यात "अजून कोण होतं" हा खरा सापळा, कारण शेजारणीने तुझं नाव घेतलं आणि तू तिचं लपवलंस तर दोन जबाब शेजारी ठेवले की तू उघडी पडतेस. आणि तुझं नाव कोणी घेतलं ते तुला कधीच सांगायचे नाहीत, फार तर तुझे हाडवैरी कोण ते आधी सांग, त्यात साक्षीदाराचं नाव निघालं तर बघू, एवढीच पळवाट. आपल्याकडे गावकीत कोण कोणाकडे जेवलं यावरून वाळीत टाकायचे ना, तसं समजा, फक्त इथे प्रत्येक जेवण दप्तरात चढलेलं आणि वीस वर्षांनीही काढून दाखवता येणारं.

१२४६ च्या ज्या २०७ शिक्षा शिल्लक आहेत त्यात २३ जणांना कैद आणि १८४ जणांना कपड्यावर पुढेमागे पिवळे क्रूस. त्या यादीत जाळलेलं कोणीच नाही. पुढे तुलूझचा इन्क्विझिटर बर्नार गी, ज्याला सिनेमात राक्षस करून टाकलंय, त्याच्या १३०८ ते १३२३ च्या निकालांत सहाशेच्या वर माणसं आहेत आणि जिवंत जाळायला दिलेली चाळीसच्या आसपास. मेलेल्यांवर पण खटले चालवायचे, हाडं उकरून जाळायची आणि मग वारसाची जमीन जप्त.

भटका_भोपळा:
म्हणजे शंभरात सहासात. बघा राणे, मी म्हटलं तसंच झालं की. आणि चर्च स्वतः कोणाला जाळतच नव्हतं ना, सरकारच्या ताब्यात द्यायचं, मी वाचलंय कुठेतरी.

चष्मेबद्दूर:
भोपळे, जरा दमानं. चर्च स्वतः जाळत नव्हतं हे कागदावर बरोबर आहे, वर "रक्त सांडू नका" अशी विनंतीही लिहायचे. पण ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात माणूस द्यायचे त्याने जाळायला टाळाटाळ केली तर त्यालाच वाळीत टाकायची धमकी. सुपारी देणारा हात वर करतो त्यातला प्रकार.

आणि कागदकिडा, तुमच्यावर पण आक्षेप आहे. तुम्ही उरलेल्या कागदावरून टक्केवारी काढताय. तुलूझच्या त्या चौकशीच्या अनेक वह्या होत्या, हातात आल्यात मोजक्या, त्याही नंतर केलेल्या नकला. लांगदोकचं बाकीचं बरंचसं आपल्याला कळतं ते १६६० च्या दशकात फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याच्यासाठी दोआ नावाच्या अधिकाऱ्याने नकला करवून घेतल्या म्हणून. जाळलेल्यांची वही वेगळी असेल आणि हरवली असेल तर? १२४४ ला कॅथरांचा मोंसेगूर किल्ला पडल्यावर दोनशेच्या आसपास माणसं एका दिवसात जाळली, ती तुमच्या कुठल्या टक्केवारीत बसतात?

कागदकिडा:
कुठल्याच नाही, हा मुद्दा मान्य. मोंसेगूरला रीतसर खटले झाल्याचं दिसत नाही, त्यामुळे ते निकालाच्या वहीत येणारच नाही. १२४६ च्या २०७ वरून पूर्ण चित्र काढू नये हेही बरोबर. बर्नार गीची निकालवही मात्र बऱ्यापैकी सलग आहे म्हणून तिच्यावर माझा जास्त भरवसा.

रोखठोक_राणे:
बरं लाखो मागे घेतो. पण छळाचं काय? की तोही कादंबरीकाराने लिहिला?

कागदकिडा:
नाही. १२५२ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने छळाला परवानगी दिली, अट अशी की अवयव तुटता कामा नये आणि जीव जाता कामा नये. आधी तो सरकारी माणसांनी करायचा होता, चारच वर्षांनी साधूंनी एकमेकांना पापमुक्त करून घ्यायची सोय झाली, म्हणजे स्वतः हजर राहायला मोकळे. पण रजिस्टरात छळाचा उल्लेख फार क्वचित येतो. आता हे "क्वचित केला" म्हणून की "क्वचित लिहिला" म्हणून, इथेच सगळं अडतं.

एक केस सांगतो. पामिएचा बिशप जाक फुर्निए, हा पुढे पोप झाला, त्याचं १३१८ ते १३२५ चं रजिस्टर व्हॅटिकनमध्ये आहे. शंभरएक माणसांची चौकशी, जाळलेले पाच. माणूस इतका चिकट की एकेका बाईला पुन्हा पुन्हा बोलावून ती काय म्हणाली ते पानंच्या पानं लिहून घ्यायचा. आता १३२१ ला फ्रान्सभर अफवा उठली की कुष्ठरोगी विहिरींत विष घालतायत. पामिएच्या कुष्ठगृहाचा प्रमुख गियोम आगास, त्यालाही कुष्ठ. त्याला पकडला, छळ केला, आणि त्याने कबूल केलं की दोन सोबत्यांनी तुलूझहून विष आणलं. पुढच्या जबाबांत गोष्ट फुगत गेली, कुष्ठरोग्यांची गुप्त सभा, ग्रॅनाडाचा राजा, बाबिलोनचा सुलतान असे सगळे कटात आले. नंतर त्याने सांगितलं की त्या दोघांबद्दल बोललो ते खोटं, पण स्वतःबद्दलचं मात्र कायम ठेवलं. आणि लेखनिक शेवटी लिहितो की हे सगळं स्वखुशीने सांगितलं, छळाविना. आजन्म कैद झाली.

समजा पहिल्या छळाची नोंद राहिली नसती, तर हातात उरलं असतं फक्त "स्वखुशीने". कारण पद्धतच तशी होती, छळात दिलेला कबुलीजबाब नंतर दुसऱ्या जागी पुन्हा वदवून घ्यायचा आणि नोंदवायचा तो दुसरा.

चष्मेबद्दूर:
वा. मग "क्वचित" हा शब्द तुम्हीच मोडीत काढला की.

कागदकिडा:
अर्धा. कारण बाकीच्या बहुतेकांना छळायची गरजच पडत नसावी असं मला वाटतं. कार्कासोनच्या तुरुंगात एकाकी कोठडी, बेड्या, भाकरी-पाणी, मुदत ठरलेली नाही. तिथे सहा महिने ठेवलं की माणूस आपोआप आठवायला लागतो. लोकांचा राग पण चितेपेक्षा त्या तुरुंगावर जास्त होता, १३०३ ला कार्कासोनच्या लोकांनी चाल करून कैदी बाहेर काढले. त्यांचा पुढारी बेर्नार देलिसिओ, फ्रान्सिस्कन साधू, म्हणायचा की आज संत पीटर आणि संत पॉल आले तरी या पद्धतीत निर्दोष सुटणार नाहीत. १३१९ ला त्याच्यावरच खटला झाला, त्याचाही छळ झाला, आणि शिक्षा सुनावणाऱ्यांत हाच फुर्निए. बिचारा थोड्याच दिवसांत कैदेतच वारला.

चष्मेबद्दूर:
"गरजच पडत नसावी" हा तुमचा अंदाज आहे, कागद नाही. पोपनेच १३१०-२० च्या दरम्यान नियम केला की छळ किंवा कडक कैद करायची तर बिशप आणि इन्क्विझिटर दोघांची संमती लागेल, आणि बर्नार गीने त्याबद्दल कुरकुर केली की याने काम अडतं. जे क्वचित करता त्यावर बंधन आलं म्हणून कोणी इतका चिडतो का?

कागदकिडा:
नियम छळ आणि कडक कैद दोन्हीसाठी होता. तो कैदेसाठी चिडला असेल.

चष्मेबद्दूर:
असेल. किंवा नसेल.

फोंड्याची_नात:
त्या पिवळ्या क्रूसवाल्यांचं काय झालं पुढे? कोणी मुलगी दिली का त्या घरात?

कागदकिडा:
ताई, लग्नं जमत नाहीत, कामं मिळत नाहीत अशा तक्रारी होत्याच. काही जण क्रूस काढून फिरायचे, पकडले की नवी शिक्षा. चर्चला शेवटी ठराव करून सांगावं लागलं की क्रूसवाल्यांची टिंगल करू नका आणि त्यांच्याशी व्यवहार बंद करू नका.

भटका_भोपळा:
म्युझियमच्या तिकिटात हे काहीच नव्हतं राव. खिळ्यांची पेटी मात्र मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकून बसलोय.