अनुभव धागा: दाखल व्हायची तारीख चार दिवस आधी कळली, रजेच्या अर्जात उशिराचं कारण कसं लिहिलंत?

मुक्ता_कोथरूड

ऑपरेशन ठरलेलं असतं, पण दाखल कधी व्हायचं ते हॉस्पिटल अगदी तोंडावर सांगतं. ऑफिसात मात्र प्रश्न येतो, "ठरलेलं होतं ना, मग आधी का नाही सांगितलं?" हा प्रश्न ज्यांनी झेलला, त्यांनी काय लिहिलं आणि काय चाललं ते सांगा. सुरुवात मी करते.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत. पोटात कळ आली म्हणून गेले, पित्ताशयात खडे आणि सूज निघाली. सर्जन म्हणाले, "पिशवी काढावी लागेल, पण आत्ता सूज आहे. औषधांनी उतरू दे, साधारण सहा आठवड्यांनी करू." हे त्यांनी कागदावरही लिहिलं, तारखेसकट. पुढची तारीख मात्र कुणीच दिली नाही. गुरुवारी २० फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला फोन आला: सोमवारी २४ला सकाळी सातला या, एक पेशंट रद्द झालाय, नाहीतर पुढे बघू.

मी त्याच रात्री रजा टाकली. कारणात "सर्जरी ठरली आहे" एवढंच लिहिलं आणि डॉक्टरांचा कागद जोडला. शुक्रवारी सकाळी अर्ज परत. शेरा: नियोजित रजेला सात दिवस आधी कळवणं आवश्यक, सल्ला १४ जानेवारीचा आहे. म्हणजे माझ्याच पुराव्याने मी सदतीस दिवस गप्प बसले असं ठरलं! चूक त्यांची नव्हती हो. मी दोन वेगळ्या तारखा एकाच वाक्यात कोंबल्या होत्या.

दुपारी पुन्हा लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं:

"शस्त्रक्रियेचा सल्ला १४ जानेवारीला मिळाला. सूज उतरेपर्यंत अंदाजे सहा आठवडे थांबायला सांगितलं होतं. तेव्हा दाखल होण्याची तारीख दिलेली नव्हती. ती मला काल, २० फेब्रुवारीला संध्याकाळी ६ वाजता फोनवर कळली. हॉस्पिटलचा आजचा मेसेज जोडला आहे. दाखल २४ फेब्रुवारी. डॉक्टरांच्या अंदाजाने ७ मार्चपर्यंत रजा हवी. भूलतज्ज्ञांची तपासणी उद्या आहे, तारीख बदलली तर उद्याच कळवेन. माझं महिनाअखेरचं काम आज संध्याकाळपर्यंत सहकाऱ्याकडे देत आहे."

तासाभरात मंजूर. हॉस्पिटलच्या काउंटरवरून "दाखल दि. २४" असा मेसेज मुद्दाम मागून घेतला होता, त्याचा उपयोग झाला. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो.

बंडू सातारकर

माझ्या मेव्हण्याचा शिरवळजवळ अपघात झाला तेव्हा मी सरळ निघून गेलो, अर्ज तिसऱ्या दिवशी दिला. साहेब काही बोलले नाहीत. एवढा विचार कशाला करायचा?

मुक्ता_कोथरूड

बंडूदादा, अपघातात कुणी विचारतच नाही. इथे ऑपरेशन महिनाभर आधी माहीत असतं, म्हणूनच तर शंका येते.

चिंतामणराव_निवृत्त

पस्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज वाचण्यात. सरकारी नोकरीतल्या मंडळींसाठी लिहितो.

अर्ज टेबलावर आला की लिपिक आधी तीन तारखा बघतो: अर्जाची, कागदावरच्या सल्ल्याची आणि रजा सुरू होण्याची. पहिल्या आणि तिसऱ्यात चार दिवस आणि दुसरी दोन महिने जुनी, की टिपणीत वाक्य ठरलेलं: "पूर्वकल्पना असूनही विलंबाने अर्ज". एकदा ते फाइलवर गेलं की साहेब सही करताना तेच वाचतात, तुमचा अर्ज नाही. म्हणून चौथी तारीख, म्हणजे दाखल होण्याचा दिवस तुम्हाला कधी कळला ती, अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत आली पाहिजे. तिसऱ्या परिच्छेदात कुणी शोधत बसत नाही.

दुसरं, रजेचा प्रकार स्वतः लिहा. आजारपणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मागता येते. तिला अर्धवेतनी रजा दुपटीने खर्ची पडते. शिल्लक असेल तर अर्जित रजाही मागता येते. मागितलेला प्रकार कार्यालय आपल्या मनाने बदलत नाही, पण तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर पत्रव्यवहारात आठवडा जातो. आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. दाखल झाल्यावर ती पोचच तुमच्या बाजूने बोलते.

रोखठोक

काका, एवढं कशाला? डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की संपलं. मेडिकल रजा कुणी नाकारूच शकत नाही.

चिंतामणराव_निवृत्त

अर्धं बरोबर. आजारपणाची रजा सहसा नाकारत नाहीत हे खरं. पण रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे १९८१च्या महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियमांत आहे, आणि शंका आली तर दुसरं वैद्यकीय मत मागवता येतं. मी एका माणसाला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवलेलं पाहिलंय. बिचाऱ्याचं खरंच हर्नियाचं ऑपरेशन होतं. अर्जात एवढंच होतं: "अचानक प्रकृती बिघडल्याने". कागद मात्र दोन महिन्यांपूर्वीचा. प्रकृती बिघडली नव्हती, खाट मोकळी झाली होती. तेच लिहिलं असतं तर प्रश्न आला नसता.

चाकण_शिफ्टवाला

काका, हर्निया म्हणालात म्हणून सांगतो, माझंही तेच. २०१८. कामगार विमा योजनेतून दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथून शनिवारी फोन, बुधवारी भरती. टाइम ऑफिस म्हणालं, भरपगारी रजेला पंधरा दिवस आधी अर्ज लागतो, कायदाच आहे. युनियनच्या भाऊंनी तोच कायदा पुढे ठेवला. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ७९मध्ये पंधरा दिवस होते खरे, पण त्याच कलमात खाली होतं की आजारपणासाठी शिल्लक रजा मागितली तर मुदतीत अर्ज नसला तरी द्यायची. टाइम ऑफिसवाल्याने पंधरा दिवसांची ओळ पाठ केलेली, खालची वाचलेलीच नाही.

पण खरं सांगू का, काम कलमाने झालं नाही. सुपरवायझरला शिफ्टला माणूस हवा होता. मी दोघांशी बोलून अदलाबदल ठरवली, दोघांच्या सह्या अर्जाखाली घेतल्या, मग सही झाली. आणि आता नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा जुन्या कलमाचा आकडा अर्जात टाकू नका.

लीड्सची_वैनी

माझी गोष्ट जरा वेगळी, आणि माझी बाजू तेवढी स्वच्छ नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या यादीत गुडघ्यासाठी आठ महिने होते. त्यांनी विचारलं होतं, कुणी रद्द केलं तर ऐनवेळी येऊ शकाल का? मी हो म्हणून बसले. एका मंगळवारी फोन: शुक्रवारी याल?

मॅनेजरला लिहिलं की तारीख आजच कळली. ती म्हणाली, "तू नाही म्हणू शकली असतीस." खरंच होतं की! नाही म्हटलं असतं तर यादीतलं नाव गेलं नसतं, नंतरची तारीख मिळाली असती. मग मी पूर्ण लिहिलं: ऐनवेळच्या यादीत माझं नाव मार्चपासून आहे, ही जागा मी स्वतःहून घेतली, कारण पुढची तारीख केव्हा येईल ते हॉस्पिटल सांगू शकत नाही आणि तोवर मला उभं राहून काम करता येत नाही. रजा मिळाली. चरफड राहिली ती वेगळी. मार्चमध्येच एक ओळ कळवून ठेवली असती तर बरं झालं असतं. इथे पहिले सात दिवस स्वतःच्या सहीवर चालतात, त्यापुढे डॉक्टरांची चिठ्ठी लागते, त्यामुळे कागदांचा त्रास मात्र झाला नाही.

अनामिका_ठाणे

"आधीच कळवून ठेवा" हे सगळ्यांना परवडत नाही, वैनी. मी कळवलं होतं. "दोनेक महिन्यांत गर्भाशयाचं ऑपरेशन होईल, तारीख ठरली की सांगते." पुढच्याच आठवड्यात नवीन कामातून मला वगळलं, "तुम्हाला आराम हवा" म्हणून. ऑपरेशन झालं पाच महिन्यांनी. पाच महिने मी बाकावर. आणि काय ऑपरेशन हे सगळ्या मजल्याला कळलं होतं.

आता मी असते तर फक्त "एक नियोजित वैद्यकीय प्रक्रिया" लिहिलं असतं, तेही तारीख आल्यावरच. दाखल होण्याच्या मेसेजवर विभागाचं नाव असेल तर झाकून जोडते. उशिराचं कारण सांगायला आजार सांगावा लागत नाही, तारीख कधी कळली ते सांगावं लागतं.

चिंतामणराव_निवृत्त

खासगीत तसं चालत असेल. आमच्याकडे प्रमाणपत्रावर निदान असतंच. पण ते बंद पाकिटात देता येतं, आणि अर्जात "वैद्यकीय कारण" एवढंच पुरतं. आधी कळवावं की नाही, यावर मी अजून अनामिकाताईंशी सहमत नाही. साहेब कोण आहे त्यावर आहे ते.

गुरुनाथ_पनवेल

अर्ज मंजूर झाल्यावरचं कुणी बोलत नाही. आईच्या पित्ताशयासाठी मी पहिल्यांदा सोमवारची रजा घेतली. शनिवारी भूलतज्ज्ञांनी साखर बघितली, तीनशेच्या वर, परत पाठवलं. रजा रद्द. दुसऱ्यांदा आठ दिवसांनी फोन, पुन्हा चार दिवसांची मुदत, पुन्हा रजा. या वेळी योजनेची पूर्वपरवानगी यायची राहिली, एक कागद कमी होता. पुन्हा रद्द.

तिसऱ्या अर्जात मी मुक्ताताईंसारखं सगळं लिहिलं: कधी कळलं, कुणी सांगितलं, कशामुळे लांबलं, तिन्ही मेसेज क्रमाने जोडले. त्यात एक वाक्य जास्तीचं घातलं: "भूलतपासणी आणि पूर्वपरवानगी दोन्ही काल पूर्ण झाल्या आहेत." पहिल्या दोन अर्जांत हे वाक्य नव्हतंच, कारण तेव्हा ते खरं नव्हतं. मला ते तपासायचंही सुचलं नव्हतं.

साहेबांनी अर्ज वाचला, सही केली आणि म्हणाले, "देतो. पण रद्द करायला फोन सकाळी नऊच्या आधी कर, मी बदली माणूस सांगून ठेवतो." आई बुधवारी दाखल झाली. गुरुवारी माझी पावती पाहून त्यांनी स्वतःच विचारलं, डबा कोण देतंय म्हणून.